'केमिकल-फ्री' काळ्या मेहंदीच्या पाकिटात नक्की काय असतं?

प्रश्न: आई बरीच वर्षं 'केमिकल-फ्री, १००% हर्बल' लिहिलेली काळी मेहंदी लावते. या वेळी दोन दिवसांनी कानामागे खाज सुटली आणि पापण्या सुजल्या. हर्बल असूनही असं कसं? पाकिटावरून काही ओळखता येतं का?

उत्तर:

ती मेहंदी आईंना परत लावू देऊ नका, आणि पाकीट फेकूही नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा ते सोबत न्या. चेहऱ्याची सूज वाढली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

मी कॉस्मेटिक्सच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते. तुम्ही सांगितलेली लक्षणं वाचून मला पहिला संशय येतो तो पीपीडीचा, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमिन या केस रंगवायच्या रसायनाचा. निदान डॉक्टरांनी पॅच टेस्ट करूनच होईल, पण पाकिटाची तपासणी तुम्ही आजच घरी करू शकता.

मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिनला चिकटतं आणि रंग देतं तो केशरी-तांबूस. पांढऱ्या केसावर नुसती मेहंदी कधीच काळी उतरत नाही. त्यामुळे पाकिटावर 'मेहंदी' आणि 'अर्ध्या तासात काळेभोर केस' हे दोन्ही एकत्र दिसलं, की काळा रंग दुसऱ्या कशातून तरी येतोय हे पक्कं समजा.

आता पाकीट उलटं करा. आपल्याकडच्या नियमांनुसार पीपीडी किंवा तत्सम रंग असलेल्या हेअर डायवर एक इशारा छापणं बंधनकारक आहे: काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी करा, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हा मजकूर बहुतेक वेळा शिवणीजवळ अगदी बारीक अक्षरात असतो. 'केमिकल-फ्री' म्हणवणाऱ्या पाकिटावर तो सापडला, तर पुढची यादी भिंग घेऊन वाचावी.

यादीत पीपीडी हे नाव तसंच असेल असं नाही. पी-फेनिलीनडायअमिन, १,४-डायअमिनोबेन्झीन किंवा नुसतं सी.आय. ७६०६० ही सगळी त्याचीच नावं. शेजारी बेरियम पेरॉक्साइड दिसलं तर चित्र पूर्ण होतं. पीपीडीचा रेणू मुळात लहान आणि जवळजवळ रंगहीन असतो. तो केसाच्या आत शिरतो, पाणी पडल्यावर पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतं, मग रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, काळे होतात आणि आतच अडकून बसतात. म्हणजे हा सरळसरळ पावडर हेअर डाय झाला, मेहंदी फक्त सोबतीला.

समजा यादी अशी आहे: मेहंदी, बेरियम पेरॉक्साइड, पी-फेनिलीनडायअमिन, टार्टरिक अ‍ॅसिड, आवळा, माका, शिकेकाई, सुगंध. नियम असा, की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणजे या यादीत आवळा आणि माका पीपीडीहून जास्त असण्याची शक्यता फार कमी. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मात्र हिरव्यागार पानांचा फोटो त्यांचाच! मला राग येतो तो इथे. विकणारा यादीत खोटं बोललेला नसतो, पण काकू-मावशी वाचतात ती पुढची बाजू.

एक पळवाटही माहीत असू द्या. ३० ग्रॅमहून लहान पाकिटांवर घटकांची यादी छापायची सक्ती नाही, आणि किराणा दुकानात लटकणारी पाकिटं बऱ्याचदा तेवढीच असतात. यादीच नसेल तर तोच ब्रँड मोठ्या पॅकमध्ये बघा, नाहीतर घेऊच नका.

'अमोनिया-फ्री'ला इथे काही अर्थ नाही. अमोनिया आणि पीपीडी या वेगळ्या गोष्टी आहेत, एक नसलं म्हणून दुसरं नाही असं होत नाही. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या रंगातही टोल्युइन-२,५-डायअमिन सापडू शकतं. ते पीपीडीचंच भावंड, आणि पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांना तेही सोसत नाही.

शंका उरली तर हातमोजे घालून चमचाभर पावडर काचेच्या वाटीत साध्या पाण्यात कालवा. लोखंडी कढई, चहाचं पाणी, कात यातलं काही नको, कारण लोखंड आणि टॅनिनमुळे चांगली मेहंदीही काळपट दिसते. कंगव्यात निघालेले पांढरे केस त्यात अर्धा तास ठेवून धुवा. शुद्ध मेहंदीत ते फिकट केशरी होतील. मेहंदी आणि नीळ या झाडाच्या पानांच्या मिश्रणाने फार तर तपकिरी छटा येईल. एकाच वेळेत कुळकुळीत काळे निघाले, तर तो ऑक्सिडेशनवाला डाय समजा. मात्र लगदा वरून काळा पडला म्हणून निष्कर्ष काढू नका, निळीच्या पानांची पावडरही हवा लागून निळी-काळी होते. आणि हा प्रयोग सुट्या केसांवरच करा. आईंच्या हातावर नको, कारण एकदा अ‍ॅलर्जी झालेल्या माणसाला छोटासा ठिपकाही बराच त्रास देऊ शकतो.

'इतकी वर्षं काही झालं नाही' हे पीपीडीबाबत खरंही असतं आणि फसवंही. शरीर आधी ते ओळखायला शिकतं, या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत केसांच्या कडेला, कानांना, पापण्यांना खाज-सूज येते, आणि नंतर दर वेळी ती वाढू शकते. काहींना खाज न येता कपाळ आणि गालांवर राखाडी-काळपट डाग पडतात. ती वांग समजून त्यावर क्रीमं चोळली जातात आणि डाय चालूच राहतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली तर केस काळे करायची पानांची पद्धत आहे, फक्त वेळखाऊ. शुद्ध मेहंदी कोमट पाण्यात काही तास भिजवून दोन-तीन तास लावायची आणि नुसत्या पाण्याने धुवायची. मग निळीच्या पानांची पावडर चिमूटभर मीठ घालून कोमट पाण्यात कालवायची, पंधरा-वीस मिनिटांत लावायला घ्यायची आणि तास-दोन तास ठेवायची. रंग पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होतो, त्या काळात शॅम्पू नको. निळीच्या पाकिटाचीही मागची बाजू अशीच तपासा, त्यातही पीपीडी मिसळलेलं असू शकतं. आणि घरात तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेलं बाळ असेल, तर शुद्ध मेहंदीसुद्धा त्याच्या अंगाला लावू नका. त्या मुलांमध्ये लॉसोनमुळे तांबड्या पेशी फुटू शकतात.