चित्रपटातील छायाचित्राची नोंद करताना नट आणि पात्र

प्रश्न: आमच्या संग्रहात जुन्या चित्रपटांची बरीच स्थिरचित्रे आहेत. नट पूर्ण वेशभूषेत असेल तर नोंदीत नटाचे नाव लिहावे की पात्राचे? दोन्ही लिहिले की गोंधळ होतो.

दोन्ही लिहावीत, मात्र एकाच रकान्यात नाही. नटासाठी एक, पात्रासाठी दुसरा आणि चित्रपटाचे नाव व वर्ष यांसाठी तिसरा रकाना ठेवला की गोंधळ बहुतांशी मिटतो. चित्राखालची ओळ लिहिताना मी ‘अमुक पात्राच्या भूमिकेत अमुक नट, चित्रपट, वर्ष’ असा क्रम ठेवतो, कारण ‘भूमिकेत’ या एका शब्दाने दोघांमधले नाते स्पष्ट होते. दोन नावांमध्ये नुसती तिरपी रेघ मारली, तर काही वर्षांनी नोंद वाचणाऱ्याला ती दोन वेगळी माणसे वाटण्याची दाट शक्यता असते.

खरी अडचण नावांपेक्षा वर्णनात येते. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. समजा, तुमच्याकडे या चित्रपटाची दोन छायाचित्रे आहेत, एकात सीता आणि दुसऱ्यात राम. दोन्ही नोंदींत नटाच्या रकान्यात साळुंके हेच नाव येईल, पात्राचा रकाना मात्र बदलेल. ‘लुगडे नेसलेली स्त्री’ हे वर्णन सीतेचे म्हणून बरोबर आहे, पण तेच नटाच्या माहितीत शिरले तर तुमची यादी साळुंके यांना अभिनेत्री ठरवून मोकळी होईल. उलट, नट पुरुष आहे म्हणून चित्राच्या वर्णनात ‘लुगडे नेसलेला पुरुष’ एवढेच लिहिले, तर सीतेचे चित्र शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही.

हाच धागा पात्राच्या बाजूनेही तपासून पाहावा. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका साळुंके यांनीच केली होती आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये ती दुर्गा खोटे यांनी केली. तारामती हे पात्र शोधले की दोन्ही चित्रपटांची छायाचित्रे मिळायला हवीत, आणि साळुंके हे नाव शोधले की पहिल्या तारामतीबरोबर ‘लंका दहन’मधले राम आणि सीताही मिळायला हवेत. रकाने वेगळे ठेवल्याखेरीज हे दोन्ही शोध एका यादीत साधत नाहीत.

म्हणून वर्णनातले प्रत्येक विधान नक्की कोणाबद्दल आहे, हे लिहितानाच ठरवावे. जखम, वैधव्य, राज्यपद आणि म्हातारपण ही पात्राची. छायाचित्राचे साल मात्र चित्रीकरणाचे, कथेतल्या काळाचे नाही. चरित्रपटांत हे विशेष जपावे लागते, कारण तिथे पात्राच्या नावाची खरी व्यक्ती इतिहासात असते. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातील बेन किंग्स्ले यांचे छायाचित्र ‘महात्मा गांधी’ या व्यक्तीच्या छायाचित्रांत टाकले, तर पुढे कोणीतरी ते अस्सल म्हणून छापणारच. तिथे पात्राच्या रकान्यात ‘महात्मा गांधी (चित्रपटातील पात्र)’ असे लांबलचक लिहिणे मला परवडते.

वेशभूषा आहे म्हणजे भूमिका चालू आहेच, असेही समजू नये. चित्रपटाची बरीचशी छायाचित्रे फिल्ममधून काढलेली नसतात. सेटवरचा स्थिरचित्रकार ती वेगळ्या कॅमेऱ्याने टिपतो, त्यामुळे हुबेहूब तीच मुद्रा चित्रपटात सापडेलच असे नाही. शिवाय कपडे, केस आणि दागिने पुढच्या दृश्याशी जुळावेत म्हणूनही फोटो काढले जातात. अशा फोटोत नट सरळ कॅमेऱ्याकडे पाहत उभा असतो आणि पुष्कळदा दृश्याचा क्रमांक लिहिलेली पाटीही चौकटीत दिसते. दोन चित्रणांच्या मधल्या वेळात मुकुट घालूनच खुर्चीवर वर्तमानपत्र वाचणारा नट हा तर राजा नव्हेच. या दोन्ही ठिकाणी मी ‘भूमिकेत’ न लिहिता ‘अमुक पात्राच्या वेशभूषेत’ असे लिहितो आणि प्रसंगाच्या रकान्यात ‘चित्रीकरणस्थळ’ अशी नोंद करतो.

नाव ठरवताना नुसत्या चेहऱ्यावर किंवा नुसत्या कपड्यांवर विसंबू नका. चेहऱ्यावरून नट ओळखता येईल, पण त्याने त्याच चित्रपटात दुहेरी भूमिका केली असेल तर पात्र ओळखता येणार नाही. कपड्यांवरून पात्र कळेल, पण घोड्यावरून उडी मारणारा माणूस त्याच कपड्यांतला बदली कलाकारही असू शकतो. छायाचित्राच्या पाठीवर चिकटवलेला मजकूर, प्रसिद्धीपुस्तिका आणि श्रेयनामावली हे आधार तपासावेत, आणि नाव कोणत्या आधारावर लिहिले तेही नोंदवावे. चेहरा मुखवट्याखाली असेल किंवा माणूस पाठमोरा असेल, आणि असा कोणताच आधार नसेल, तर पात्राचे नाव लिहून नटाच्या रकान्यात ‘ओळख निश्चित नाही’ असे लिहावे. श्रेयनामावलीतले नाव तिथे अंदाजाने भरू नये.