थायलंड, व्हिएतनाम, बालीत हॅलो कसं म्हणायचं?

"पुढच्या महिन्यात तिन्हीकडे जातोय, तिथल्या भाषेत नमस्कार कसा करायचा आणि उच्चार कसा?"

थायलंडमध्ये 'सवत्‌दी' म्हणा, मधला 'वत्' झटकन तोडायचा आणि 'दी' लांबवायचा. इंग्रजीत Sawasdee लिहिलेलं असतं म्हणून आपली लोकं 'सवासडी' म्हणतात, पण तो s बोलताना त् होतो. आणि मेन गोष्ट म्हणजे नुसतं सवत्‌दी तुटक वाटतं, पुरुष असाल तर शेवटी 'ख्राप' लावा (पटकन बोलताना र गायब होऊन 'खाप' ऐकू येतं), बाई असेल तर 'खा'. हे बोलणाऱ्यावर ठरतं, समोर कोण आहे त्यावर नाही, त्यामुळे हॉटेलातली मुलगी 'सवत्‌दी खा' म्हणाली तरी तुम्ही दादा लोकांनी 'ख्राप'च म्हणायचं. सोबत हात जोडा, आपल्यासारखेच.

व्हिएतनाममध्ये 'सिन चाऽव', लिहिताना Xin chào असतं, पण x दिसला तरी स म्हणा, 'चाव' म्हणताना आवाज वरून खाली आणा.

बालीत सकाळी 'सलामत पागी' चालतं, पण ते सकाळपुरतंच, रात्री 'सलामत मालाम'. तिथल्या हिंदू लोकांना हात जोडून 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणा, हा उच्चार आपल्याला शिकवायलाच नको, शिवाय वेळेचंही बंधन नाही.