‘नमो मरिये’ बायबलमध्ये आहे का, आणि तीच ती ५० वेळा का म्हणायची?

प्रश्न: ‘नमो मरिये’ ही प्रार्थना बायबलमध्ये आहे का? प्रत्येक ओळीचा अर्थ काय? आणि येशूनेच पोकळ बडबड नको म्हटलं असताना तीच प्रार्थना ५० वेळा का म्हणायची?

दोन नावं सोडली तर अर्धी प्रार्थना बायबलमधलीच आहे आणि अर्धी चर्चने जोडलेली विनंती आहे. मी रोज जपमाळ करतो, म्हणजे मण्यांवर ही प्रार्थना ५० वेळा म्हणतो, म्हणून ज्या क्रमाने शब्द ओठांवर येतात त्याच क्रमाने सांगतो.

“नमो मरिये, कृपापूर्णे.” हे गब्रीएल दूताचं अभिवादन, लूक १:२८. दूत इथे ‘मरिये’ म्हणत नाही. नाव दोन ओळींनंतर, १:३० मध्ये येतं. नावाच्या जागी तो जो शब्द वापरतो तो मूळ ग्रीकमध्ये ‘केखारितोमेने’ असा आहे. त्याच्या व्याकरणातच दोन गोष्टी आहेत: कृपा तिच्यावर दुसऱ्या कुणीतरी केली आहे, आणि ती आधीच होऊन आता टिकून आहे. ‘कृपापूर्णे’ हे लॅटिन भाषांतरावरून आलं. मराठी बायबलमधलं ‘कृपा पावलेली’ ग्रीकच्या जास्त जवळ जातं, असं मला वाटतं. मरियेचं मोठेपण स्वकमाईचं नाही, मिळालेलं आहे, हे त्यातून चटकन कळतं. ‘नमो’च्या जागी ग्रीकमध्ये ‘खैरे’ आहे. तो रोजचा नमस्कारही होता, पण त्याचा शब्दशः अर्थ ‘आनंद कर’. सफन्या संदेष्ट्याने सियोनकन्येला, म्हणजे यरुशलेमच्या लोकांना, ‘हर्ष कर, परमेश्वर तुझ्या ठायी आहे’ असं सांगितलं होतं (३:१४-१७). पुढची ओळ वाचली की तेच आठवतं.

“प्रभू तुझ्याठायी आहे.” शास्ते ६:१२ मध्ये देवदूत गिदोनाला असंच म्हणतो, आणि लगेच त्याच्यावर झेपणार नाही असं काम येऊन पडतं. मरियेच्या बाबतीतही तेच झालं. लूक म्हणतो, हे ऐकून ती गोंधळली.

“स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि तुझ्या उदराचे फळ येशू धन्य.” इथे बोलणारी व्यक्ती बदलते. हे मरियेची नातलग एलिझाबेथ हिचे शब्द आहेत, लूक १:४२. तिच्या पोटातल्या बाळाने, योहानाने, उडी मारली तेव्हाचे. ‘येशू’ हे नाव मात्र त्या ओवीत नाही, ते मध्ययुगात जोडलं गेलं. माझ्या मते सगळ्या प्रार्थनेचा कणा तेच आहे. आधीचं सगळं त्या नावाकडे येतं आणि विनंती त्या नावानंतरच सुरू होते.

“हे पवित्र मरिये, देवाच्या माते.” एलिझाबेथने तिला ‘माझ्या प्रभूची आई’ म्हटलं (लूक १:४३). इ.स. ४३१ मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेने ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली. वाद मुळात येशूबद्दल होता: जो जन्मला तो देवच का? हो, म्हणून ती देवमाता. ती देवाच्याही आधीची, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

“आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी.” तिच्याकडे मागणं एवढंच, की आमच्यासाठी देवाकडे शब्द टाक. हा दुसरा भाग हळूहळू जुळत गेला आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात स्थिर झाला. मला ‘आता’ हा शब्द फार जवळचा आहे. एक दिवस ‘आता’ आणि ‘मरणाची वेळ’ एकच होणार आहेत.

आता ५० वेळांचं. मत्तय ६:७ मध्ये येशूने नाकारली ती ‘फार बोललं की देव ऐकेल’ ही समजूत. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तिसऱ्यांदा ‘तेच शब्द’ उच्चारून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). स्तोत्र १३६ मध्ये ‘त्याची दया सनातन आहे’ हे २६ वेळा येतं. जपमाळेचा आकडाही स्तोत्रांवरून आला: स्तोत्रं १५०, म्हणून ज्यांना ती वाचता येत नसत त्यांच्यासाठी १५० नमो मरिया, ५०-५० च्या तीन भागांत.

पण खरं काम आकडा करत नाही. दर दहा मण्यांना येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरायचा असतो, त्याला रहस्य म्हणतात. समजा, दुसरं आनंदाचं रहस्य चालू आहे, मरियेने एलिझाबेथला दिलेली भेट. ओठ दहा वेळा तेच म्हणतात आणि मन त्या घरात थांबतं: वाट चालून आलेली मरिया, दारातली हाक, म्हाताऱ्या बाईच्या पोटातली हालचाल. शब्द पाठ असल्यामुळे मन पाहायला मोकळं राहतं. शब्द प्रत्येक वेळी नवे जुळवायचे असते, तर सगळं लक्ष त्यातच गेलं असतं.

बडबड कधी सुरू झाली हे कळतंही. गटात म्हणताना पहिला अर्धा भाग एक जण म्हणतो, उरलेला बाकीचे. घाई झाली की ‘येशू’ पूर्ण होण्याआधीच ‘हे पवित्र मरिये’ सुरू होतं आणि नेमकं तेच नाव गिळलं जातं. माझंही असं होतं. तेव्हा मी पुढचा मणी धरत नाही. त्याच मण्यावर थांबतो, ते नाव सावकाश उच्चारतो आणि मग पुढे जातो.