बायोडेटा आत्याला पाठवायचाय, पण उंची नक्की किती लिहू?

"ताई, माझ्या धाकट्या बहिणीचा बायोडेटा कॅनडातल्या आत्याने इंग्लिशमध्ये मागितलाय, तिकडच्या ओळखीच्या मराठी घरांत द्यायला. मराठीत असं आहे: गोत्र काश्यप, उंची ५.४, शिक्षण टी.वाय.बी.कॉम. (६८%), पीजीडीएम फायनान्स. उंची वेबसाइटवर टाकली तर १६५ सेंमी आली, तीच लिहिली. गोत्र काढूया म्हटलं तर बाबा चिडले. आणि ६८ टक्क्यांचा जीपीए किती होतो तेच कळेना. – मोठी बहीण"

अगं, ती १६५ आधी काढ बघू. आपल्याकडे बायोडेटात ५.४ म्हणजे पाच फूट चार इंच, पण वेबसाइटला कुठे माहितीये, तिने त्याला पाच पूर्णांक चार दशांश फूट धरलं. फुटात इंच बारा, म्हणजे बहिणीची उंची ६४ इंच, गुणिले २.५४, १६२.५६ आले, म्हणजे १६३ सेंमी. दोन सेंमी तशी कोणाच्या लक्षात येणार नाहीत, पण हाच घोळ ५.१० वाल्या मुलाचा झाला की तो बिचारा १७८ चा थेट १५५ होतो, आणि एक्सेलमध्ये ५.१० टाईप केलं की शून्य गळून ५.१ राहतं ते वेगळंच. त्यामुळे पॉइंट द्यायचाच नाही, 5'4" / 163 cm असं लिही. फूट आधी, कारण कॅनडातही माणसांची उंची बहुतेक फुटांतच बोलतात. आणि एकदा तिला भिंतीला टेकवून, चप्पल काढून मोजून घे, कारण बायोडेटातली उंची बऱ्याचदा आईने अंदाजाने लिहिलेली असते :)

गोत्राच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. आत्या देणार ती मराठी घरंच, त्यातली काही पहिला प्रश्न हाच विचारणार, मग काढून काय मिळवलंस? Gotra: Kashyap एवढं एका ओळीत लिही, त्याचं इंग्लिश करत बसू नकोस. पण खरी भानगड वेगळीच आहे. गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, त्यामुळे तुमचं खरंच काश्यप आहे की कोणीतरी कधीतरी तसं सांगून टाकलं, हे बाबांना किंवा घरच्या गुरुजींना विचार. नाहीतर समोरचंही काश्यप निघालं की सगोत्र म्हणून चांगलं स्थळ उगाच बाद. आत्याला विचारायचं असेल तर तिच्या माहेरचं विचार हं, लग्नानंतर ती सासरचं गोत्र सांगत असणार. आणि कोणी म्हणालंच की सगोत्र लग्न कायद्याने चालत नाही, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तशी काही बंदी नाही. बंदी आहे ती सपिंड नात्याला, वडिलांकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन, आणि तिथेही रूढी असेल तर सूट. त्यापलीकडे मानायचं की नाही हा ज्या त्या घरचा प्रश्न.

शिक्षणात सगळ्यात आधी ते टी.वाय. खोड. आपल्याला कळतं की शेवटचं वर्ष झालं, पण तिकडच्या मुलाला वाटेल अजून शिकतेय की सोडलं मध्येच. पीजीडीएमला पदवी लागतेच, म्हणजे बी.कॉम. पूर्ण आहे ना, मग B.Com., युनिव्हर्सिटीचं नाव, पास झाल्याचं वर्ष, बास. जीपीए करूच नको. लोक ६८ ला २५ ने भागून २.७२ लिहितात, त्याला काही अर्थ नाही, खरं मूल्यांकन गुणपत्रिकेतला एकेक विषय बघून होतं आणि ते नोकरी नाहीतर अ‍ॅडमिशनला लागतं, लग्नाला नाही. नुसतं ६८ टक्केही नको, तिकडे बऱ्याच कॉलेजांत ८० च्या पुढे ए मिळतो त्यामुळे ६८ बेताचे वाटतात, आपल्याकडे ते फर्स्ट क्लास असतात. म्हणून First Class लिही आणि टक्के काढून टाक.

पीजीडीएमला मात्र एमबीए लिहायचा मोह आवर, कोणी कितीही म्हणो एकच असतं ते. सर्टिफिकेटवर डिप्लोमा आहे, उद्या व्हिसाच्या नाहीतर नोकरीच्या कागदांत तेच येणार आणि मग सासरी खुलासे कोण देत बसणार? नुसतं डिप्लोमा लिहिलं तर तिकडे बारावीनंतरचा छोटा कोर्स वाटतो हेही खरं, म्हणून सरळ Post Graduate Diploma in Management (Finance), 2 years full-time, after B.Com. असं लिही. सर्टिफिकेट बघून लिही हं, एक वर्षाचे आणि डिस्टन्सचेही पीजीडीएम असतात.

जाता जाता, जन्मतारखेत महिना अक्षरात लिही. ०३/०७ ला तिकडे कोणी ७ मार्च वाचेल आणि पत्रिका चुकीच्या तारखेवर बनेल, मग गुण जुळले काय नि नाही काय.