उताऱ्याचा सूर आणि वातावरण: एका वाड्याच्या वाटणीवरून

प्रश्न: अपठित उताऱ्यात लेखकाचा टोन काय आणि मूड काय असं विचारतात. मला दोन्ही सारखेच वाटतात. ते वेगवेगळे ओळखायचे कसे, आणि कोणत्या शब्दांमुळे तसं वाटतं हे उत्तरात लिहायचं कसं?

उत्तर:

टोन म्हणजे सांगणाऱ्याचा सूर. ज्या माणसांबद्दल तो सांगतोय त्यांच्याकडे तो कसा बघतो, ते त्यातून कळतं. मूड म्हणजे वाचताना आपल्याभोवती जमत जाणारं वातावरण. पुष्कळ उताऱ्यांत दोन्ही एकाच दिशेने जातात, त्यामुळे ते सारखे वाटणं साहजिक आहे. फरक हाताला लागायला दोन्ही एकमेकांपासून सुटलेले असतील असा उतारा घ्यावा लागतो. मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. वर्गासाठी लिहिलेला एक छोटा उतारा इथे देते, त्याच्यावरच सगळं बोलू.

"आबा गेल्यावर वाड्याच्या वाटण्या एकदाच्या झाल्या. थोरल्याने ओसरी घेतली. मधल्याने माजघर घेतलं. धाकटा मुंबईहून आला तेव्हा गाडी दारात चालूच होती. त्याने सही करून टाकली आणि चहासुद्धा न घेता निघाला. माईंच्या वाट्याला परसातली खोली आली म्हणे. तिथे पूर्वी गोवऱ्या ठेवायचे. दिवेलागणीला माईंनी देवघरातली समई उचलून तिकडे नेली आणि दाराला आतून कडी घातली. ओसरीवर पंखा बसवायचं काम चालू होतं. ड्रिलचा आवाज रात्री नऊपर्यंत येत राहिला."

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘उताऱ्याचा सूर दुःखी आहे’. का, तर आबा वारले आहेत. पण हा विषय झाला. मृत्यूवर चेष्टेने लिहिता येतं, हिशेबी लिहिता येतं, हंबरडा फोडूनही लिहिता येतं. इथे मृत्यूला मिळालेत दोन शब्द, ‘आबा गेल्यावर’, आणि वाक्य लगेच वाटण्यांकडे वळलंय. सांगणारा कुठेही रडत नाही. एकही भावनादर्शक शब्द उताऱ्यात नाही. मग सूर कुठे शोधायचा?

आधी क्रियापदांत बघा. थोरल्याने ओसरी ‘घेतली’, मधल्याने माजघर ‘घेतलं’. माईंची खोली मात्र ‘वाट्याला आली’. मुलं कर्ते आहेत, हात पुढे करून घेतात. माईंच्या बाबतीत कर्ताच नाही, कोणी दिली ते सांगितलेलं नाही. आता त्या जागी ‘माईंनी परसातली खोली घेतली’ असं घालून वाचा. गोष्ट तीच, खोलीही तीच, पण आता माईंनी ती स्वतः निवडली असं वाटायला लागतं आणि मुलांवरचा ठपका नाहीसा होतो. शब्द बदलल्यावर जे नाहीसं झालं, ते त्या शब्दाचं काम होतं. कुठल्याही उताऱ्यात मी हीच परीक्षा करायला सांगते: एका वेळी एकच शब्द बदलायचा, त्याच्या जवळचाच दुसरा घालायचा, आणि काय हरवलं ते पाहायचं.

‘सही करून टाकली’ हे तसंच. ‘सही केली’ यात नुसती घटना आहे. ‘टाकली’ आलं की ब्याद गेल्याचा भाव येतो. मराठीत हे दुसरं क्रियापद सुराचं फार मोठं काम करतं. ‘बोलला’, ‘बोलून गेला’, ‘बोलून बसला’, ‘बोलून दाखवलं’ ही चार वाक्यं पाहा. बोलणं एकच, पण ‘बोलून गेला’मध्ये ते नकळत झालं, ‘बोलून बसला’मध्ये आता पस्तावण्याची वेळ आली, आणि ‘बोलून दाखवलं’मध्ये मनात साठलेलं मुद्दाम बाहेर काढलं. बोलणाऱ्याबद्दल सांगणाऱ्याला काय वाटतं, हे मूळ क्रियापद सांगत नाही, त्याच्या मागून आलेलं सांगतं.

मग चिमुकले शब्द. ‘चहासुद्धा न घेता’ यातला ‘सुद्धा’ काढला तर धाकटा फक्त घाईत होता एवढंच उरतं. ‘सुद्धा’ म्हणतो की निदान एवढं तरी त्याने करायला हवं होतं. म्हणजे इथे सांगणाऱ्याच्या मनातली एक रीत आहे आणि धाकट्याने ती मोडली आहे. ‘म्हणे’मुळे सांगणारा त्या निर्णयापासून बाजूला होतो. ‘असं मी ऐकलं, मला ते पटलेलं नाही’ इतकं त्या दोन अक्षरांत येतं. ‘एकदाच्या’ मात्र जरा वेगळा आहे. तो सुटकेचा शब्द आहे, पण सुटका कोणाची? सांगणाऱ्याची नक्कीच नाही. हा शब्द मुलांच्या तोंडचा आहे आणि सांगणाऱ्याने तो तसाच उचलून वाक्यात ठेवला आहे. दुसऱ्याचा शब्द आपल्या वाक्यात असा उघडा ठेवणं हाही नापसंतीचा एक प्रकार असतो, आणि परीक्षेत तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

आपल्याकडच्या जुन्या काव्यविचाराला हे पक्कं ठाऊक होतं. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त स्पष्ट लिहिलंय की विभक्तीचे आणि क्रियापदाचे प्रत्यय, एकवचन-अनेकवचन, यांतूनही रस सूचित होतो. आणि वचनावरून आठवलं, आपल्या उताऱ्यातला सगळ्यात भक्कम पुरावा वचनाचाच आहे. ‘थोरल्याने’, ‘मधल्याने’, ‘धाकटा आला’ ही साधी एकवचनं. ‘माईंच्या’, ‘माईंनी’ हे आदरार्थी अनेकवचन. मुलांना नावंसुद्धा नाहीत, नुसता क्रम आहे. सांगणाऱ्याने कोणालाही चांगलं-वाईट म्हटलेलं नाही, पण मान कोणाला द्यायचा हे ठरवलेलं आहे. ‘धाकटे मुंबईहून आले’ असं म्हणून बघा, निम्मा राग तिथेच निवतो.

आता वातावरण. ते बहुतेक वेळा मतप्रदर्शन करणाऱ्या शब्दांतून येत नाही. कोणती वस्तू, कोणती वेळ, कोणता आवाज निवडला, त्यावर ते उभं राहतं. ‘तिथे पूर्वी गोवऱ्या ठेवायचे’ हे वाक्य नुसती माहिती देतं, पण वाचणाऱ्याला खोलीचा अंधार, धूळ, वास, सगळं कळतं. ‘संध्याकाळी’ऐवजी ‘दिवेलागणीला’ आहे. त्या वेळी घराचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते, असं आपल्या घरांत सांगतात. माई नेमक्या त्याच वेळी समई घेऊन जातात आणि कडी घालतात, तीही आतून. काहीतरी उलटं झालंय हे आपल्याला सांगावं लागत नाही. मग ओसरीवरचा ड्रिल. एकीकडे बंद दार, दुसरीकडे थांबत नसलेला आवाज. ‘आला’ऐवजी ‘येत राहिला’ म्हटल्यामुळे तो आवाज आपल्यालाही ऐकत बसावं लागतं. वातावरण उदास आहे, पण नुसतं ‘उदास’ लिहिणं कमी पडतं. ‘कोंडलेलं, एकाकी’ जास्त नेमकं होईल, कारण बंद दार, गोवऱ्यांची खोली आणि बाहेरचा आवाज हे तिन्ही तपशील कोंडण्याकडे बोट दाखवतात.

एक गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी आहे. ‘दिवेलागणीला’ या शब्दापासून पुढे ‘म्हणे’ नाही, ‘सुद्धा’ नाही, ‘टाकली’ नाही. गावातल्या माणसासारखा शेरे मारत सांगणारा तिथे गप्प होतो आणि फक्त जे दिसतं, ऐकू येतं ते नोंदवतो. सूर मागे सरकला आणि वातावरणाला जागा मिळाली. उताऱ्यात असं वळण सापडलं तर ते कोणत्या शब्दापाशी आहे हे उत्तरात जरूर लिहा.

हाच प्रसंग असा लिहिला असता तर? "त्या दुर्दैवी माउलीला पोटच्या पोरांनी निर्दयपणे गोवऱ्यांच्या खोलीत ढकललं आणि ती रात्रभर अश्रू ढाळत राहिली." इथे सूर कळवळ्याचा आणि संतापाचा, उघडाउघड. ‘दुर्दैवी’, ‘निर्दयपणे’, ‘पोटच्या’, ‘ढकललं’ हे शब्द नुसते अधोरेखित केले तरी उत्तर झालं. वातावरण मात्र पातळ झालं, कारण काय वाटून घ्यायचं ते आधीच सांगून टाकलंय. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त भावनेचा तिच्या नावानेच उल्लेख करणं हा रसदोषांत धरलाय, तो याचसाठी. सूर ओळखायला असे उतारे सोपे, म्हणून सरावाची सुरुवात यांच्यापासून करा आणि मग कोरड्या उताऱ्यांकडे या.

लिहिताना सुराला शक्यतो दोन शब्दांचं नाव द्या, कारण एका शब्दात तो क्वचितच मावतो. मग शब्द अवतरणात घ्या, त्याने काय केलं ते सांगा आणि तो नसता तर काय झालं असतं हेही एखाद्या ठिकाणी लिहा. वरच्या उताऱ्यासाठी मी साधारण असं लिहीन:

"निवेदकाचा सूर वरवर कोरडा, पण मुलांबद्दल नापसंतीचा आहे. मुलं ओसरी आणि माजघर ‘घेतात’, माईंच्या मात्र खोली ‘वाट्याला येते’. या फरकामुळे माईंना निवड नव्हती हे लक्षात येतं. ‘सही करून टाकली’ आणि ‘चहासुद्धा न घेता’ यांतून धाकट्याचा तुटकपणा निवेदकाला खटकल्याचं जाणवतं. ‘चहा न घेता’ एवढंच म्हटलं असतं तर ती केवळ घाई वाटली असती. मुलांसाठी एकवचन आणि माईंसाठी आदरार्थी अनेकवचन वापरल्याने त्याचा कल स्पष्ट होतो. ‘दिवेलागणीला’पासून निवेदक मत देणं थांबवतो, आणि आतून घातलेली कडी व ‘येत राहिलेला’ ड्रिलचा आवाज यांतून कोंडलेलं, एकाकी वातावरण तयार होतं."

यात ‘सुंदर शब्दरचना’, ‘प्रभावी भाषा’, ‘वाचकाच्या मनाला भिडते’ असलं काही नाही हे लक्षात घ्या. ही वाक्यं कुठल्याही उताऱ्याखाली चालतात, म्हणून त्यांना गुण मिळत नाहीत.

आणि एकाच शब्दावर सगळा भार टाकू नका. ‘म्हणे’ नुसती ऐकीव बातमी सांगायलाही येतो, आणि ‘गृहपाठ करून टाकला’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात काही कडू नसतं. वेगवेगळ्या वाक्यांतले दोन-तीन शब्द एकाच बाजूला झुकत असतील तरच त्या सुराचं नाव घ्या. एखादा शब्द उलट बाजूला झुकत असेल तर तो लपवू नका. सूर मिश्र आहे असं लिहा आणि दोन्ही बाजूंचे शब्द दाखवा.