“कलम 8 व 11 नुसार नाकारण्यात येत आहे” एवढंच उत्तर चालतं का?

प्रश्न: तौक्ते वादळाच्या भरपाईत आमच्या वाडीत कोणाला किती पैसे मिळाले त्याची यादी, शेजारच्या घराच्या पंचनाम्याची प्रत आणि खोट्या पंचनाम्यांबाबत तलाठ्यावर चाललेल्या चौकशीचे कागद मी माहिती अधिकारात मागितले. अर्ज 3 मार्चला दिला. 4 एप्रिलला उत्तर आलं: “सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने व चौकशी सुरू असल्याने कलम 8 व 11 अन्वये नाकारण्यात येत आहे.” एवढंच. हे कायद्यात बसतं का? आता काय करू?

उत्तर:

नाही, बसत नाही. मी कोकणातल्या एका किनारी तालुक्यात नायब तहसीलदार होतो आणि जन माहिती अधिकारी म्हणून बरीच वर्षं अशी उत्तरं लिहिली. सुरुवातीच्या काळात मीही जवळजवळ याच शब्दांत एक अर्ज फेटाळला होता. अपिलाच्या सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “कलम 8 मधलं कोणतं पोटकलम, आणि कोणत्या कागदाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्जदार पोफळीच्या बागेचं नुकसान झालेला म्हातारा माणूस होता. दोनदा एसटीने तालुक्याला येऊन गेला होता आणि दोन्ही खेपा माझ्या त्या एका ओळीमुळे त्याला कराव्या लागल्या. तेव्हापासून नकाराचं पत्र कागदागणिक लिहायचं, ही सवय मी लावून घेतली.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 7(8) प्रमाणे नकार देताना तीन गोष्टी कळवाव्याच लागतात: नकाराची कारणं, किती दिवसांत अपील करता येईल ती मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील. तुमच्या पत्रात शेवटच्या दोन नाहीतच. पहिलीही खरं तर नाही, कारण कलमाचा आकडा म्हणजे कारण नव्हे. कोणत्या कागदातला कोणता मजकूर कोणत्या पोटकलमात येतो आणि तो दिल्याने काय बिघडेल, हे लिहिलं तरच ते कारण होतं.

आता तुमच्या तीन मागण्या एकेक करून घेऊ, कारण तिघींचं उत्तर वेगळं आहे.

भरपाईची यादी. नावं आणि रक्कम द्यायला हवी. अनुदानाच्या कार्यक्रमांमध्ये किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हा तपशील कार्यालयाने कोणी न मागताच प्रसिद्ध करायचा, असं कलम 4(1)(ख) सांगतं. वादळाची मदत आपल्याकडे महसूल दप्तरात ‘अनुदान’ म्हणूनच वाटली जाते, त्यामुळे ती यादी या तरतुदीत येते असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याच तक्त्यात बँक खात्याचे क्रमांक, आधार आणि मोबाइल नंबर असतात. ते देऊ नयेत. त्यासाठी सगळी यादी अडवायची गरज नाही. कलम 10 आहे ते याचसाठी: जो भाग देता येत नाही तो झाकायचा आणि उरलेला द्यायचा. आम्ही छायाप्रतीवर ते रकाने काळे करून त्या पानाची पुन्हा छायाप्रत काढायचो, म्हणजे शाईखालचा आकडा उजेडात धरूनही दिसत नाही.

खासगी माहितीचं पोटकलम 8(1)(ञ). इथे एक घोळ फार होतो. इंग्रजी कायद्यात ते ‘जे’ आहे, म्हणून मराठीत लिहिताना सरसकट ‘ज’ लिहिलं जातं. पण मराठी पाठात पोटकलमं क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ, ञ अशी आहेत. त्यातलं ‘ज’ हे तपासाचं पोटकलम आहे, खासगी माहितीचं नव्हे. एका अक्षरामुळे नकाराचं कारणच बदलतं. तुम्हाला पुढे सुधारित उत्तर आलं तर हे अक्षर आधी तपासा.

शिवाय हे पोटकलम आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आधी त्यातच लिहिलेलं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहितीच नाकारता येईल, आणि व्यापक लोकहित असेल तर तीही देता येईल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मुळे झालेली दुरुस्ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. आता तिथे ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच उरलं आहे. तुमची बाजू त्यामुळे थोडी अवघड झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कलम 8(2) शाबूत आहे: माहिती उघड करण्यातलं लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर सूट असूनही माहिती देता येते. म्हणून अपिलात 8(2) चं नाव घेऊन लिहा की सरकारी तिजोरीतून गेलेल्या पैशाची ही यादी आहे आणि पंचनाम्यांबद्दल चौकशी लागलेली आहे.

शेजाऱ्याचा पंचनामा. कलम 11 हे नकाराचं कलमच नाही, ती एक कार्यपद्धती आहे. माहिती त्रयस्थ व्यक्तीची असेल आणि त्या व्यक्तीने ती गोपनीय मानलेली असेल, तर अर्ज मिळाल्यापासून 5 दिवसांत तिला नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर तिला म्हणणं मांडायला 10 दिवस द्यायचे आणि अर्ज मिळाल्यापासून 40 दिवसांत निर्णय घ्यायचा. तुमचा अर्ज 3 मार्चचा, म्हणजे नोटीस 8 मार्चपर्यंत निघायला हवी होती आणि निर्णयाला 12 एप्रिलपर्यंत वेळ होता. शेजाऱ्याने हरकत घेतली तरी तेवढ्याने माहिती अडत नाही. हरकत विचारात घ्यायची आणि निर्णय अधिकाऱ्याने करायचा. अपिलात त्या नोटिशीची आणि आवक-जावक नोंदीची प्रत मागा. नोटीसच निघाली नसेल, तर कलम 11 चा आधार तिथेच संपतो.

माझ्या मते इथे कलम 11 लागूही होत नाही. उडालेली कौलं, पडलेले माड आणि खचलेली भिंत तलाठ्याने वाडीतल्या पंचांसमोर मोजून लिहिली. ती शेजाऱ्याने विश्वासाने कार्यालयाकडे ठेवायला दिलेली गोष्ट नाही. घराच्या आतले फोटो किंवा खाते क्रमांक असतील तर ते झाकावेत आणि पंचनामा द्यावा.

चौकशीचे कागद. इथे अधिकाऱ्याची बाजू थोडी खरी असू शकते. पण 8(1)(ज) असं म्हणत नाही की चौकशी सुरू असली की कागद बंद. माहिती दिल्याने तपासाच्या प्रक्रियेत अडथळा येईल, अशीच माहिती त्यात येते. भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितलं: तपास चालू असणं हे नकाराला पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. समजा चार पंचांचे जबाब व्हायचे आहेत आणि दोघांचे झाले आहेत. झालेले जबाब बाहेर गेले तर उरलेले दोघे त्याप्रमाणे बोलतील, हे खरं कारण आहे आणि मी ते मान्य करेन. पण चौकशीचा आदेश, चौकशी अधिकारी कोण आणि काम कुठवर आलंय, हे दिल्याने कोणाचा जबाब बदलत नाही. ते मिळालंच पाहिजे.

असं उत्तर मी लिहिलं असतं तर ते साधारण असं झालं असतं:

> “मुद्दा 1: लाभार्थ्यांची नावे व रकमा सोबतच्या पृष्ठांवर देण्यात येत आहेत. बँक खाते, आधार व भ्रमणध्वनी क्रमांक कलम 8(1)(ञ) अन्वये वगळून कलम 10 अन्वये अंशतः माहिती देण्यात येत आहे. कलम 8(2) चा विचार केला असता, नावे व रकमा दिल्याने लोकहित साधते. सदर क्रमांक उघड करण्याची त्यासाठी आवश्यकता दिसत नाही.
>
> मुद्दा 2: पंचनाम्याची प्रत, खाते क्रमांक वगळून, सोबत जोडली आहे.
>
> मुद्दा 3: चौकशीचा आदेश सोबत जोडला आहे. दोन पंचांचे जबाब नोंदविणे बाकी असून, नोंदविलेले जबाब उघड केल्यास उर्वरित जबाबांवर परिणाम होऊन चौकशीत अडथळा येईल. म्हणून फक्त जबाबांच्या प्रती कलम 8(1)(ज) अन्वये नाकारण्यात येत आहेत.
>
> या निर्णयाविरुद्ध हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत कलम 19(1) अन्वये प्रथम अपील करता येईल. प्रथम अपिलीय अधिकारी: तहसीलदार,”

आणि पुढे त्यांचं नाव, पूर्ण पत्ता, दूरध्वनी. खाली निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचं स्वतःचं नाव आणि पदनाम, कारण अंशतः माहिती देताना कलम 10(2) तेही मागतं. नुसती वाचता न येणारी सही आणि गोल शिक्का पुरत नाही.

आता तुमचं अपील. उत्तर 4 एप्रिलला मिळालं, म्हणजे 4 मेपर्यंत ते दाखल व्हायला हवं. पत्रावरच्या तारखेपासून नव्हे, तुमच्या हातात पडल्यापासून 30 दिवस. म्हणून पाकीट टाकू नका. टपालाचा शिक्का असलेल्या पाकिटाची प्रत जोडा. त्याच शिक्क्यावरून आणखी एक कळेल. तुमच्या अर्जाचे 30 दिवस 2 एप्रिलला संपले. पत्र त्यानंतर टपालात पडलं असेल आणि कलम 11 लागूच होत नव्हतं असं ठरलं, तर कलम 7(6) प्रमाणे कागद विनाशुल्क मागता येतात.

अपील ‘जोडपत्र ब’ नमुन्यात, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलीय अधिकाऱ्याचं नाव पत्रात नसलं तरी अडत नाही. कार्यालयातल्या माहिती अधिकाराच्या फलकावर ते असतं आणि तुमच्या तालुक्यात ते बहुधा तहसीलदारच असतील. त्यांच्या पदनामाने द्या आणि पोच घ्या. मजकूर दीड पानाच्या वर नेऊ नका. कार्यालयाने कसं वागवलं ते सुनावणीत बोला, कागदावर फक्त मुद्दे ठेवा: 7(8) पाळलं नाही, पोटकलम सांगितलं नाही, कलम 11 ची नोटीस दाखवावी, कलम 10 चा विचार झाला नाही. त्यात एक वाक्य आवर्जून घाला: कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे, अर्जदाराची नाही. अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, कारणं नोंदवून फार तर 45 दिवसांत व्हायला हवा.

काही जण अपील सोडून थेट राज्य माहिती आयोगाकडे कलम 18 खाली तक्रार करतात. ते करू नका. त्या वाटेने अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण माहिती देण्याचा आदेश मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात 2011 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. तुम्हाला कागद हवे आहेत.

तहसीलदारांनीही नकार दिला किंवा काहीच केलं नाही, तर निर्णय मिळाल्यापासून, अथवा तो ज्या दिवशी व्हायला हवा होता त्या दिवसापासून, 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईत, ‘जोडपत्र क’ मध्ये दुसरं अपील करा. तिथे नंबर लागायला वेळ जातो, म्हणून पहिलंच अपील नीट लिहा. दरम्यान पंचांचे जबाब पूर्ण झाल्याचं कळलं, तर फक्त त्या जबाबांसाठी 10 रुपयांचा नवा अर्ज टाका. 8(1)(ज) खालचं ते कारण तेव्हा उरलेलं नसेल.