दोन पाट्या आणि एक ‘सावधान’

प्रश्न : मुलाकडे हवाईला गेलो होतो. समुद्रकिनाऱ्यावर ‘वॉर्निंग, डेंजरस शोअरब्रेक’ आणि डोंगरवाटेवर ‘हॅझर्डस क्लिफ’ अशा पाट्यांचे फोटो काढले. साताऱ्यात आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींना मराठीत सांगायचंय. दोन्हीकडे ‘सावधान’ लिहिलं तर चालेल का?

नको. ‘सावधान’ आपण कुत्र्याच्या पाटीवरही लिहितो, त्यामुळे त्याची धार गेली आहे. अमेरिकेतल्या सूचनाफलकांच्या मानकात तीन पायऱ्या आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे ‘डेंजर’. होऊ शकते, तिथे ‘वॉर्निंग’. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, तिथे ‘कॉशन’. मी त्यांना अनुक्रमे ‘जीवाला धोका’, ‘धोका’ आणि ‘जपून’ म्हणेन. म्हणजे तुमच्या किनाऱ्याच्या पाटीवर ‘धोका’ हवं.

शोअरब्रेकचा धोका बुडण्यापुरता नाही, आणि कोकणात पोहणाऱ्या आपल्या माणसांना हेच चटकन कळत नाही. तिथे तळ एकदम उतरता असतो. त्यामुळे लाट लांबवर फुटत न येता अगदी काठाशी, गुडघाभर पाण्यात उभी राहून कोसळते आणि माणसाला डोक्यावर वाळूत आपटते. मान मोडते, मणक्याला इजा होते. लाट लहान दिसते म्हणून माणूस बेसावध उतरतो. म्हणूनच ‘लहान लाटांतही’ हे तिथल्या पाटीवरचे शब्द गाळू नका. ‘धोकादायक किनारी लाटा’ एवढंच लिहिलंत, तर वाचणारा कंबरभर पाण्यात जायला हरकत नाही असं समजेल. मी असं लिहीन : ‘धोका! लाटा काठावरच आपटतात. लहान लाटांतही मान मोडू शकते. जरा जरी शंका आली, तरी पाण्यात उतरू नका.’

‘गंभीर दुखापत होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य टाळा. ते ‘तुरळक पावसाची शक्यता’सारखं ऐकू येतं. ‘जीवितहानी’ही बातमीतला शब्द, तो दुसऱ्या कुणाची तरी होते. मूळ पाट्या ‘तुम्ही’ म्हणून समोरच्याशी बोलतात, तर मराठीतही ‘तुमचा जीव जाऊ शकतो’ असंच यायला हवं. आणि अशा पाटीवर ‘कृपया’ नको. त्याने आज्ञेची विनंती होते.

कड्याची पाटी थोडी वेगळी आहे. ‘धोकादायक कडा’ म्हटलं की सज्जनगडाच्या तटावरून खाली पाहिलेला माणूस खोलीचा विचार करतो आणि पाय घट्ट रोवून उभा राहतो. हवाईतल्या त्या पाटीचा रोख मात्र काठाची जमीनच तुटण्यावर असतो. पाय कितीही घट्ट असले तरी उपयोग नाही. म्हणून ‘ढासळता कडा’ म्हणा. तिथलं ‘विदाउट वॉर्निंग’ही ‘पूर्वसूचनेशिवाय’ करू नका, जमीन काही नोटीस देत नाही. ‘धोका! ढासळता कडा. काठाची जमीन अचानक पायाखालून सुटू शकते. तुमचा जीव जाऊ शकतो. काठापासून मागे राहा.’